टाकीच्या पाण्याचा टीडीएस 81 आला, एवढ्यावर ते पिण्याजोगं ठरत नाही

मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. राहते उपनगरातल्या एका चार मजली, दोन विंगच्या इमारतीत. हे पत्र लिहायला बसले ते आमच्याच इमारतीत एका पावसाळ्यात जे घडलं त्यामुळे. तसं तुमच्याही इमारतीत घडू शकतं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आता पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर असतो आणि पाण्याची तक्रार आली की पहिल्यांदा तोच बाहेर निघतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बी विंगमधल्या चार मुलांना एकाच वेळी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मुलांच्या शाळा वेगळ्या, बाहेरचं खाणं वेगळं. सामाईक होतं ते पाणी. संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. खजिनदारांनी सक्शन टँकमधून स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं, त्यात मीटर बुडवला आणि आकडा सगळ्यांना दाखवला: 81. आमच्या पाण्याचा नेहमीचा आकडा 79 ते 83 असतो. त्यांनी मीटरचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "टीडीएस 81. पाणी एकदम शुद्ध आहे, घाबरू नये." त्यांच्या हेतूबद्दल मला कधीच शंका नव्हती, आजही नाही. पण तो फोटो पाहून ज्या घरांनी दुपारपासून पाणी उकळायला घेतलं होतं त्यांनी गॅस बंद केला. पुढच्या पाच दिवसांत आणखी अकरा जण आजारी पडले. त्यात तळमजल्यावरच्या एक वयस्कर काकू होत्या, त्यांना सलाईन लावावं लागलं.

मी त्या बैठकीत होते. मी तेव्हा ठामपणे बोलले नाही याचं मला वाईट वाटतं. म्हणून जे तिथे बोलायला हवं होतं ते आता सविस्तर लिहिते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचं एकूण प्रमाण. तुमच्या हातातला मीटर मात्र ते प्रमाण मोजत नाही. त्याच्या टोकाला धातूचे दोन छोटे खांब असतात. त्यांच्यामधून थोडीशी वीज सोडली जाते आणि पाणी ती किती सहज वाहून नेतं हे तपासलं जातं. पाण्यात क्षार असले की त्यांचे विद्युतभारित कण वीज वाहून नेतात. मिळालेल्या आकड्याला मीटर एका ठरावीक गुणकाने, साधारण 0.5 ते 0.7 ने, गुणतो आणि उत्तर पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतो. थोडक्यात, मीटर वीज मोजून क्षारांचा अंदाज बांधतो.

घरी करून बघा. एक लिटर नळाच्या पाण्यात चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा. आता त्या पाण्यात खरोखर 5000 मिलिग्रॅम जास्तीचा घन पदार्थ विरघळलेला आहे. मीटर बुडवला तर आकडा जेमतेम एक-दोनने हलेल, कारण साखर वीज वाहून नेत नाही. दुसऱ्या लिटरभर पाण्यात चिमूटभर, अर्धा ग्रॅम मीठ टाका. आकडा एकदम पाचशेच्या आसपास वर उडी मारेल. जो मीटर चमचाभर साखर ओळखत नाही, तो कीटकनाशक, रॉकेल किंवा डिटर्जंटचा अंश ओळखेल अशी अपेक्षा कशी ठेवायची?

आता जंतूंकडे येते, कारण मुंबईतल्या इमारतींचा खरा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे पाणी येतं ते तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून. ते पावसाचं साठवलेलं पाणी आहे. जमिनीखाली वर्षानुवर्षं खडकात मुरून आलेलं नसल्याने त्यात क्षार मुळातच कमी असतात. त्यामुळे मुंबईत नळाच्या पाण्याचा टीडीएस सहसा कमीच दिसतो. तो पाणी चांगलं असतानाही कमी दिसतो आणि त्यात गटार मिसळलं तरी कमीच दिसतो. हे कसं, त्याचा हिशेब आमच्या टाकीवर मांडून दाखवते.

आमची सक्शन टँक 40,000 लिटरची आहे. समजा शेजारच्या ड्रेनेज चेंबरमधून रात्रभरात 40 लिटर सांडपाणी तिच्यात झिरपलं. दोन बादल्या. हजाराला एक असं प्रमाण. सांडपाण्याचा टीडीएस 600 धरू आणि टाकीतल्या पाण्याचा 80. मिसळल्यावर आकडा होतो 80.5 च्या जवळपास. मीटर दाखवेल 80 किंवा 81. चांगल्या मीटरमध्येही दोन टक्क्यांची चूक गृहीतच असते, म्हणजे 80 वर दीडेक अंक इकडेतिकडे. दोन बादल्या सांडपाणी त्या चुकीच्या आतच लपून गेलं.

त्याच पाण्याचा जंतूंचा हिशेब असा. कच्च्या सांडपाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जिवाणू दहा लाखांच्या घरात, बऱ्याचदा त्याहून जास्त असतात. हजारपट पातळ केले तरी टाकीतल्या 100 मिलिलिटरमध्ये हजार उरतात, म्हणजे एका पेल्यात दोन हजार. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, 100 मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय चालत नाही. ई. कोलाय आढळला याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठेबरोबर टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो यांचे जंतूही येऊ शकतात.

मीटरला ते का दिसत नाहीत? एक जिवाणू इतका हलका असतो की 1 मिलिग्रॅम वजन भरायला शंभर कोटी जिवाणू लागतात. म्हणजे लिटरभर पाण्यात शंभर कोटी जिवाणू पोहत असते तरी वजनाच्या हिशेबाने फरक पडला असता 1 पीपीएमचा. आणि तोही मीटरने दाखवला नसता, कारण जिवाणू म्हणजे विरघळलेला क्षार नाही. तो पाण्यात तरंगणारा जीव आहे. उकळून पाहिलंत तर हे अजून स्पष्ट होईल. दूषित पाणी चांगलं खळखळून उकळलं की जंतू मरतात, पण गार झाल्यावर त्यात मीटर बुडवा, आकडा जवळपास तोच येतो. जे पाणी माणसाला रुग्णालयात पाठवतं आणि जे पाणी बाळाला द्यायला हरकत नाही, त्या दोन्हींत मीटरला फरक कळत नाही.

शिशासारख्या धातूंचंही तसंच. मानकात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. मीटरचा सगळ्यात लहान टप्पा 1 मिलिग्रॅमचा. म्हणजे शिसं मर्यादेच्या पन्नासपट झालं तरी आकड्यात अर्ध्याचाही फरक पडत नाही.

मग 500 च्या आत टीडीएस हवा असं जे सगळे सांगतात ते कुठून आलं? त्याच मानकातून. त्यात 500 ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं असंही लिहिलं आहे. ही मर्यादा मुख्यतः चवीसाठी आणि पोटाला सोसण्यासाठी आहे. पण त्याच मानकात जंतूंचा, क्लोरीनचा, शिशाचा, नायट्रेटचा असे कितीतरी निकष वेगवेगळे दिलेले आहेत. आपण त्यातला एकच उचलला, कारण तो मोजायचं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि दोन सेकंदांत उत्तर देतं. प्युरिफायर विकणाऱ्यांनीही दारात येऊन हाच आकडा दाखवायची सवय लावली. आरओमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस 80 वरून 12 होतो तेव्हा क्षार कमी झाले एवढंच सिद्ध होतं. त्या यंत्रातला कार्बन क्लोरीनही काढून टाकतो. म्हणून आरओची साठवणीची टाकी महिनोन्‌महिने साफ केली नाही तर तिच्या आतल्या बुळबुळीत थरात जंतू वाढतात, आणि मीटर तेव्हाही 12 च दाखवतो.

उलट बाजूनेही चूक होते. पाणीकपातीच्या दिवसांत टँकर मागवताना एका सोसायटीने 420 आकड्याचा टँकर परत पाठवला आणि 110 चा घेतला, असं तिथल्या पंप चालवणाऱ्या मुलाने मला सांगितलं. दोन्हींत क्लोरीन आहे का हे कोणी बघितलं नाही. 420 चं पाणी चवीला जड लागेल, पण ते निर्धोक असू शकतं. 110 च्या पाण्याबद्दल त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

आता आमच्या इमारतीत पुढे काय झालं ते सांगते. सहाव्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने क्लोरीन तपासायचं किट आणलं. महापालिका पाणी शुद्ध करून सोडते तेव्हा वाटेत काही मिसळलं तर ते मारायला थोडा क्लोरीन शिल्लक ठेवते. आपल्या नळापर्यंत पोहोचेपर्यंत तो किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलेला असावा लागतो. हा राखणदारही मीटरच्या 1 च्या टप्प्याखाली आहे. किटमध्ये छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब किंवा गोळी टाकतात. ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं, डीपीडीच्या गोळीने गुलाबी. रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवायचा. ऑर्थोटोलिडीनमध्ये रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा, नंतर गडद होणारा रंग धरायचा नाही. ते रसायन विषारी आहे, म्हणून नळीतलं पाणी सांडू द्यायचं नाही आणि हात धुवायचे. शक्य असेल तर डीपीडीच घ्या.

मी तीन ठिकाणी बघितलं. पहाटे महापालिकेचं पाणी सुरू असताना टाकीत पडण्याआधीच्या नळावर पाणी छान पिवळं झालं. म्हणजे बाहेरून येणारं पाणी ठीक होतं. सक्शन टँकमधल्या पाण्याला रंगच आला नाही. बी विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या नळालाही नाही. तीन नळ्या एका ओळीत जिन्याच्या कठड्यावर ठेवल्या, एक पिवळी आणि दोन बिनरंगाच्या, आणि सचिवांना खाली बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि प्लंबरला फोन केला.

क्लोरीन टाकीत गेल्यावर नाहीसा होतो याची कारणं दोन असतात. एक, पाणी फार दिवस साठून राहिलं आहे. दोन, टाकीत असं काहीतरी आहे जे क्लोरीन खाऊन टाकतंय. आमची टाकी रोज भरते आणि रोज उपसते, म्हणून दुसरं कारण उरलं. टाकी उपसल्यावर सापडलं ते असं. ड्रेनेजचा चेंबर टाकीच्या भिंतीपासून चार-पाच फुटांवर होता आणि पावसात तुंबला होता. महापालिकेची लाईन टाकीत शिरते तिथे पाईपभोवतीचं सिमेंट सुटलं होतं, बोट आत जाईल एवढी फट होती. दिवसा टाकी भरलेली असताना आतलं पाणी बाहेर दाब देतं, म्हणून काही दिसत नाही. रात्री पाणी खाली गेलं की बाहेरची ओल त्या फटीतून आत येते. भिंतीवर फटीखाली काळपट ओघळ होता, हात लावला की चिकटायचा. तो ओघळ मी अजून विसरलेले नाही.

त्याच सकाळी मी प्रयोगशाळेसाठी नमुना घेतला होता. दोन दिवसांनी अहवाल आला, ई. कोलाय आढळला. नमुना कसा घेतात ते मुद्दाम सांगते, कारण इथे फार चुका होतात. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नेलं तर त्या तपासणीला अर्थ राहत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणायची. तिच्यात सोडियम थायोसल्फेटचा कण टाकलेला असतो, तो धुवून काढायचा नाही. तो क्लोरीन निष्प्रभ करतो. तो नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाला लावलेला फिल्टर, जाळी काढायची, नळाचं तोंड पुसून ज्योतीने तापवायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरायची. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. आणि नमुना आरओच्या नळाचा कधीच नको, टाकीचा हवा. अहवालाला एक-दोन दिवस लागतात, कारण जंतू वाढवून मोजावे लागतात. तोवर पाणी उकळणं सुरू ठेवायचं.

फट बुजवून, टाकी घासून, पुन्हा भरल्यावर आम्ही ब्लीचिंग पावडर टाकली. लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन हवा तर 40,000 लिटरला 40 ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडरीत क्लोरीन 25 टक्के धरला तर 160 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं स्वच्छ पाणी टाकीत ओतायचं आणि किमान अर्धा तास थांबायचं. उघडी पुडी पावसाळी हवेत लवकर निकामी होते, म्हणून हिशेबावर विसंबायचं नाही, अर्ध्या तासाने पुन्हा किटने बघायचं. चौथ्या मजल्यावर रंग आला तेव्हा आम्ही ग्रुपवर कळवलं.

क्लोरीन असला म्हणजे सगळं संपलं असंही मी म्हणणार नाही. काही जंतू, विशेषतः जिआर्डियासारखे, क्लोरीनला बराच वेळ दाद देत नाहीत, आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो. म्हणून इमारतीत एकाच वेळी बरेच जण आजारी असतील तर किटचा रंग काहीही असो, उकळणं थांबवू नका आणि विभाग कार्यालयाला कळवा.

टीडीएस मीटर फेकून द्या असं मला म्हणायचं नाही. त्याचा एक खरा उपयोग आहे, बदल पकडायचा. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस 35,000 च्या आसपास असतो. समुद्रालगतच्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत भरतीला खारं पाणी एक टक्का जरी शिरलं तरी आकडा साडेतीनशेने वाढेल. बोअरवेलचं पाणी चुकून पिण्याच्या टाकीत वळलं तरीही तो उडी मारेल. रोजचा आकडा 80 असताना एके दिवशी 300 दिसला तर काहीतरी मिसळलं आहे हे नक्की. पण 80 चा 80 च राहिला तर काही मिसळलं नाही, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे. आजाराची तक्रार आली की टीडीएसचा फोटो ग्रुपवर टाकू नका, त्याऐवजी "तपासणी होईपर्यंत पाणी उकळून प्या" एवढी नोटीस लिफ्टशेजारी लावा. क्लोरीनचं किट सोसायटीच्या खर्चाने आणा आणि वॉचमनला किंवा पंप चालवणाऱ्याला ते वापरायला शिकवा, पंधरा मिनिटांत येतं. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा येणारी लाईन, सक्शन टँक आणि सगळ्यात लांबचा वरचा नळ, अशा तीन ठिकाणचा क्लोरीन एका वहीत लिहून ठेवा. येणाऱ्या लाईनला रंग आहे आणि टाकीला नाही असं दिसलं तर दोष आपल्या आवारात आहे, टाकी उघडा. लाईनलाच रंग नसेल तर तारीख-वेळ लिहून जलखात्याकडे तक्रार करा, आणि त्या तक्रारीत टीडीएसचा आकडा लिहू नका, क्लोरीनचा लिहा. पावसाळ्याआधी एकदा टाकीच्या भिंतीत पाईप शिरतो ती जागा टॉर्च घेऊन आतून बघा, आणि ड्रेनेजचा चेंबर तिथून किती फुटांवर आहे ते टेपने मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमच्या वहीत तिथे आता "साडेचार फूट" असं लिहिलेलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त पाणी तपासनीस
मुंबई